पुण्याच्या सहीचं सर्टिफिकेट

अनंता शेजवळ काविळीने गेला तेव्हा त्याची बायको कुंदा तीस वर्षांचीही नव्हती. घरात ती आणि सासरे भीमराव, दोघंच उरले. घर म्हणजे अंबरनाथला कंपनीच्या चाळीतल्या दोन खोल्या. त्या अनंताच्या नोकरीबरोबर मिळालेल्या, म्हणजे नोकरीबरोबरच जाणार.

पण युनियनशी झालेल्या करारात एक कलम होतं. कामगार नोकरीत असताना वारला तर घरातल्या एकाला कामावर घ्यायचं, मात्र जागा रिकामी हवी आणि माणूस त्या जागेला लायक हवा. पर्सोनेलच्या टिपणीससाहेबांनी कुंदाला समोर बसवून हे नीट सांगितलं होतं.

"स्टोअर्समध्ये क्लार्कची जागा आहे. तुम्ही बारावी आहात, तेवढं चालेल. पण स्टोअर्सचा सगळा हिशेब आता कॉम्प्युटरवर जातोय. तुम्ही कोर्स करा, सर्टिफिकेट आणून द्या. मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवता येईल. खोल्याही तोवर राहतील. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

कुंदाने उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये 'अक्षदीप कॉम्प्युटर्स'मध्ये नाव घातलं. मुख्य संस्था पुण्याची आणि हे त्यांचं उल्हासनगरचं केंद्र, असं बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक हॉल होता. खाली दिवसभर शिलाई मशिनी धडधडत असायच्या, वर चपला बाहेर काढून थंडगार खोलीत जायचं. हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर दोघादोघांनी बसायचं. केंद्र नेरकर सर चालवत. चाळिशीचे, गोड बोलणारे, प्रत्येकीला 'मॅडम' म्हणणारे. फी त्यांनी हप्त्यांनी घेतली. शेवटच्या हप्त्यासाठी कुंदाने मंगळसूत्रातली वाटी मोडली. तिचा आता तसाही उपयोग नव्हता, असं तिने भीमरावांना सांगितलं.

दिवाळीनंतर परीक्षा झाली. केंद्रातच झाली, नेरकर सरांनीच पेपर दिला, त्यांनीच गोळा केला.

"दीड महिन्यात पुण्याहून सर्टिफिकेट येईल," सर म्हणाले.

दीड महिना झाला, आलं नाही. कुंदा शेअर रिक्षाने कॅम्प तीनला जायची, जिना चढायची, विचारायची. सर म्हणायचे, पुण्याला सही राहिलीय. पुढच्या खेपेला म्हणायचे, छपाई चाललीय. मग ते भेटेनासे झाले. हॉलमधले चार कॉम्प्युटर कमी झालेले तिने पाहिले.

फेब्रुवारी उजाडला होता.

"आबा, मी त्यांना पत्र लिहिणार आहे," तिने भीमरावांना सांगितलं.

भीमरावांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गोदामात पहारा केला होता. कागदाला ते साहेबापेक्षा जास्त घाबरत. "कशाला लिहायचं पोरी? तोंडी सांगितलेलं विसरता येतं. लिहिलेलं कोण विसरतं? उद्या चिडला तर देणारच नाही तो."

"आत्ता तरी कुठं देतोय?"

शनिवारी संध्याकाळी अंबरनाथच्या वाचनालयात ग्राहकांच्या तक्रारींसाठी एक बाई बसतात, असं तिने ऐकलं होतं. उमाताई खरे. बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाज कोरडा, हातात नेहमी पेन. एका टेबलाशी तीन खुर्च्या आणि भिंतीवर ग्राहक कायद्याचा एक तक्ता, एवढंच त्यांचं ऑफिस.

"काय काय आहे तुमच्याकडे?"

कुंदाने पिशवीतून सगळं काढलं. फीच्या पावत्या, केंद्राचं माहितीपत्रक, ओळखपत्र. उमाताईंनी माहितीपत्रकातल्या एका ओळीखाली पेनने रेघ मारली. 'परीक्षेनंतर सहा आठवड्यांत मुख्य संस्थेचे प्रमाणपत्र.'

"हे त्यांनी छापून दिलंय. छापलेलं वचन आहे हे. पत्रात जास्त काही रडगाणं नको. कधी नाव घातलं, कधी फी पूर्ण भरली, पावती नंबर, परीक्षेची तारीख, काय कबूल केलं होतं आणि काय मिळालं नाही, एवढंच. मग मागणी. पंधरा दिवसांत प्रमाणपत्र द्या, नाहीतर फी परत करा. नाही दिलं तर ठाण्याला ग्राहक मंचात जाईन. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. पत्र रजिस्टर्ड पाठवायचं, पोचपावतीसकट. पावत्यांच्या झेरॉक्स जोडायच्या, मूळ पावत्या कुणालाही द्यायच्या नाहीत. आणि एक प्रत पुण्याला."

"पुण्याला नको," कुंदा चटकन म्हणाली. "सर चिडतील. आधी त्यांनाच लिहू द्या."

उमाताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही घाबरताय. ठीक आहे. पण पुण्याचा पत्ता पावतीवर आहे, तो लक्षात ठेवा."

कॅम्प तीनच्या पोस्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका सिंधी काकांकडून कुंदाने पत्र टाइप करून घेतलं. विषय: पूर्ण फी भरूनही अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र न मिळाल्याबाबत. काकांनी कागद ओढून काढला, वाचला आणि म्हणाले, "सही नीचे करो बेटी. डरके मत करो, साफ करो."

तरी सही वाकडीच आली.

पोचपावतीचं कार्ड आलं तेव्हा त्यावर नेरकरांची जांभळ्या शाईतली सही होती. म्हणजे पत्र पोचलं होतं. कुंदाला बरं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून दारावर थाप पडली की ती आधी खिडकीतून बघायची. एक माणूस आपल्यावर चिडलेला आहे, त्याला आपला पत्ता माहीत आहे आणि तो पत्ता आपणच पत्राच्या कोपऱ्यात लिहून दिला आहे, हे तिच्या मनातून जाईना.

थाप पडली ती रविवारी सकाळी. भीमराव दाढी करत होते. दारात नेरकर सर, मागे मोटरसायकलला टेकून एक दांडगा माणूस. चाळीतल्या बायका नळावरून बघत होत्या.

सर आत येऊन खाटेवर बसले. रागावलेले दिसत नव्हते. "मॅडम, एवढं रजिस्टर पत्र कशाला? एक निरोप पाठवायचात. हे घ्या."

त्यांनी पाकिटातून सर्टिफिकेट काढलं. जाड कागद, सोनेरी किनार, वर संस्थेचं बोधचिन्ह. 'श्रीमती कुंदा अनंता शेजवळ'. श्रेणी 'अ'. खाली शिक्का आणि परीक्षा नियंत्रकांची सही. कुंदाने ते दोन्ही हातांनी धरलं. तिचे डोळे भरून आले.

"आता इथे एक सही करा." सरांनी दुसरा कागद पुढे केला. प्रमाणपत्र मिळालं, केंद्राविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही.

कुंदा तो कागद वाचत राहिली. काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं. "सर, मी उद्या केंद्रात येऊन सही केली तर?"

"उद्या मी नाही." सर हसले. "सही नसेल तर मला सर्टिफिकेट परत न्यावं लागेल. नियम आहे." बाहेरच्या माणसाने मोटरसायकलचा हॉर्न उगाच एकदा वाजवला.

"कर गं सही," भीमराव साबण लागलेल्या चेहऱ्याने म्हणाले. "मिळालं ना? मग कर."

तिने सही केली.

सर गेल्यावर ती कितीतरी वेळ सर्टिफिकेट घेऊन खिडकीशी बसली. मग उठून पोचपावतीचं कार्ड आणलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. परीक्षा नियंत्रकांची सही जांभळ्या शाईतच होती. नाव वेगळं होतं, पण शेवटची शेपटी तशीच, वर ओढून खाली वळवलेली. आणि परीक्षेची तारीख जानेवारीतली घातली होती. परीक्षा तर दिवाळीनंतर लगेच झाली होती.

"असू दे तारीख," भीमराव म्हणाले. "कारकुनाची चूक असेल. शाई काय, कुणाचीही जांभळी असते."

ती हो म्हणाली. सोमवारी सर्टिफिकेट टिपणीससाहेबांकडे द्यायचं असं ठरलं. सोमवारी तिला ताप आल्यासारखं वाटलं. मंगळवारी साहेब मुंबईला गेलेले. बुधवारी ती निघाली आणि कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन परत आली.

त्याच आठवड्यात तिच्या बॅचचा हरिचंद्र तिला अंबरनाथच्या बाजारात भेटला. बदलापूरच्या पुढच्या एका गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, वर्गात तिच्याच कॉम्प्युटरवर बसायचा. हसता चेहरा होता त्याचा. आज दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"ताई, तुला सर्टिफिकेट दिला का सरांनी?"

"दिलं. तुला?"

"मना जानेवारीतच दिला. माझे काकांनी ओळखीनं बेलापूर रोडला कंपनीत चिकटवला होता. सर्टिफिकेट दिला त्यांना. त्यांनी पुण्याला पत्र टाकला, खरा हाय का म्हणून." तो आजूबाजूला बघून बोलू लागला. "पुण्यावरून लिहून आला, या नावाचा पोरगा आमच्याकडं नायच. परीक्षेला बसलाच नाय. कंपनीनं मना काढला. मॅनेजर बोलला, पोलिसात देतो, चारशेवीस हाय ही. दोन दिस मी घरी गेलो नाय, रानात होतो."

कुंदाच्या हातातली भाजीची पिशवी खाली टेकली.

"पण तू तर परीक्षा दिलीस. मी बघितलं ना. माझ्या बाजूलाच बसला होतास."

"ते तू बघितला. पुण्यानं कुठं बघितला?"

घरी येऊन तिने दार लावून घेतलं. सर्टिफिकेट डब्यातून काढलं, पुन्हा ठेवलं, जागा बदलली, पिठाच्या पिंपामागे ठेवलं. मग वाटलं, कुणी झडती घेतली तर? इतक्या आतुरतेने वाट बघितलेला कागद आता घरात विंचू असावा तसा वाटत होता. टाकूनही देता येत नव्हता, कारण मिळाल्याची सही ती करून बसली होती.

भीमरावांना तिने सगळं सांगितलं.

"तरी दे," ते शेवटी म्हणाले. "प्रत्येक कंपनी पुण्याला थोडीच विचारते? टिपणीस आपल्या ओळखीचा आहे. अनंताला मानायचा. मार्च संपला की आपण रस्त्यावर, कुंदा. या वयात मी कुठे जाऊ?"

त्यांना रडताना तिने अनंता गेल्यावरही पाहिलं नव्हतं. ती त्यांच्यापाशी बसली. "आबा, नंतर कळलं तर नोकरीही जाईल, खोल्याही जातील, आणि वर मी तुरुंगात. मग तुम्ही कुठे जाल?"

शनिवारी ती उमाताईंकडे गेली. त्यांनी सर्टिफिकेट उजेडात धरून पाहिलं, मग सही दिल्याचं ऐकलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"सही का केलीत? मला विचारायचंत."

"दारात माणूस उभा होता, ताई."

उमाताईंचा आवाज जरा उतरला. "बरं. ऐका. तुम्ही सही केलीत ती प्रमाणपत्र मिळालं म्हणून. हे जर त्या संस्थेचं प्रमाणपत्रच नसेल, तर कबूल केलेली वस्तू तुम्हाला अजून मिळालेलीच नाही. तक्रार उभी राहते. पण हा कागद तुम्ही कुठेही वापरायचा नाही. नोकरीसाठी तर नाहीच. आणि आता पत्र पुण्याला जाईल. पावत्या बघा, वर नाव कुणाचं छापलंय? मुख्य संस्थेचं. त्यांच्या नावाच्या पावतीबुकावर पैसे घेतलेत. केंद्राने पैसे पुढे पाठवले नसतील तर ते तुमचं तुम्ही आपसांत बघा, असं आपण म्हणायचं."

दुसरं पत्र पहिल्यापेक्षा लांब झालं. मला दिलेल्या प्रमाणपत्राची छायाप्रत सोबत जोडली आहे, ते आपण दिलेले आहे काय हे लेखी कळवावे. मी सर्व फी भरली आहे. मी परीक्षा दिली आहे. माझे प्रमाणपत्र मला द्यावे. एक प्रत नेरकरांना. दोन्ही रजिस्टर्ड. पोस्टात पाकिटं चिकटवताना कुंदाच्या जिभेला कोरड पडली होती, म्हणून तिने डिंक बोटाने लावला.

नेरकर पुन्हा भेटले ते चार-पाच दिवसांनी, चाळीजवळच्या रस्त्यावर. एकटेच होते. मोटरसायकल त्यांनी तिच्या अगदी जवळ आणून थांबवली. रस्त्यावर माणसं होती, दुपारची शिफ्ट सुटलेली होती, तरी कुंदाला वाटलं की आपण आणि हा माणूस दोघंच उरलो आहोत.

"मॅडम, पुण्याला पत्र लिहिलंत. छान केलंत." आवाज तोच, गोड. "पण एक विचार केला नाही तुम्ही. खोटं सर्टिफिकेट कुणाकडे आहे? माझ्याकडे नाही. ते तुमच्या घरात आहे. मिळालं म्हणून तुमची सही माझ्याकडे आहे. उद्या मी म्हटलं, या बाईनेच ते कुठून तरी करून घेतलं, तर? पोलीस कुणाच्या घरी येतील?"

तिच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं.

"पुण्याला लिहा, गैरसमज झाला होता. एवढंच. सासरे म्हातारे आहेत तुमचे. त्यांना कशाला त्रास."

मोटरसायकल निघून गेली. कुंदा तिथेच उभी राहिली. कुणीतरी ओळखीच्या कामगाराने विचारलं, "वहिनी, बरं नाही का?" तिने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, तिलाच कळलं नाही.

पुढचे दिवस ती जेवली किती, झोपली किती, हे भीमरावांनाच माहीत. चाळीत पोलिसाची खाकी टोपी दिसली तरी ती आत पळायची. एकदा तर पोस्टमन खाकीत होता म्हणून ती मोरीत जाऊन उभी राहिली आणि भीमरावांनी पत्र घेतलं. ते वीजबिल होतं.

मार्चचा शेवटचा आठवडा आला. पुण्याहून उत्तर नव्हतं. ती उमाताईंकडेही गेली नाही. उमाताई काय सांगतील ते तिला माहीत होतं आणि ते तिला एकटीनेच करायचं होतं.

टिपणीससाहेबांच्या केबिनबाहेर ती बाकावर बसली तेव्हा पिशवीत सगळे कागद होते. सर्टिफिकेटही. आत बोलावल्यावर ती ठरवलेलं वाक्य विसरली. ती एकदम मधूनच बोलू लागली. नेरकर, हरिचंद्र, जांभळी शाई, रस्त्यावरची धमकी. तिने सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं.

साहेबांनी त्याला हात लावला नाही. "हे तुम्ही माझ्याकडे जमा करत आहात का?"

"नाही साहेब. दाखवायला आणलं."

"मग ते परत पिशवीत ठेवा. जमा झालं की मला ते तपासायला पाठवावं लागेल. त्याचं पुढे काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे." तिने ठेवल्यावर ते म्हणाले, "तुम्ही लिहिलेल्या पत्रांच्या प्रती द्या. आणि पोस्टाच्या पावत्यांच्या."

त्यांनी त्या वाचल्या. पहिलं पत्र दोनदा वाचलं. मग घंटा वाजवून आवकचा शिक्का मागवला आणि प्रत्येक प्रतीवर मारून घेतला.

"हे फाईलला लागेल. परीक्षा दिली, प्रमाणपत्र प्रलंबित, अर्जदाराने स्वतःहून कळवलं, अशी टीप मी वर पाठवतो. मान्य होईल असं मी सांगत नाही. आणि खोल्यांचं माझ्याकडे नाही, ते इस्टेट खातं बघतं. नोटीस येईल."

"पोलीस येतील का साहेब?"

हा प्रश्न तिने विचारायचा नाही असं ठरवलं होतं. टिपणीस चष्मा काढून पुसत राहिले.

"तुम्ही कुणालाही ते खोटं सर्टिफिकेट दिलेलं नाही. उलट खरं आहे का म्हणून पुण्याला तुम्हीच विचारलंत, रजिस्टरने. तो माणूस काय म्हणायचं ते म्हणो. या पावतीवर तारीख आहे." मग जरा थांबून म्हणाले, "मी वकील नाही. पण मला नाही वाटत."

त्या 'मला नाही वाटत'वर ती कितीतरी दिवस जगली.

खोल्यांची नोटीस एप्रिलमध्ये आलीच. बदलापूरला भीमरावांच्या चुलतबहिणीच्या, गयाबाईंच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती. सामान टेम्पोत चढवताना भीमराव चाळीच्या भिंतीवरून हात फिरवत होते. कुंदाने तो खोटा कागद पोलक्याच्या आत, अंगाशी ठेवला होता. टेम्पोवाल्याच्या हातात तो जाऊ नये म्हणून.

पुण्याचं पत्र अंबरनाथच्या पत्त्यावर येऊन मग बदलापूरला आलं. पाकीट फोडायला तिने गयाबाईंना सांगितलं, स्वतःचे हात चालेनात. संस्थेने लिहिलं होतं की सोबतच्या छायाप्रतीतील प्रमाणपत्र आम्ही दिलेले नाही. उल्हासनगर केंद्राने आपले नाव किंवा परीक्षा शुल्क आमच्याकडे पाठविलेले नाही. सदर केंद्राची मान्यता रद्द करण्यात आली आहे. तथापि आपल्याकडे संस्थेच्या अधिकृत पावत्या असल्याने आपणास आमच्या ठाणे केंद्रात कोणतेही शुल्क न घेता परीक्षेस बसविण्यात येईल.

"म्हंजे चांगलं का वाईट?" गयाबाईंनी विचारलं.

कुंदाने पत्र पुन्हा वाचलं. "परत परीक्षा," ती म्हणाली, आणि तिला नवीनच भीती वाटू लागली. दिवाळीनंतरच्या त्या परीक्षेपासून तिने कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

पण पहिली गोष्ट तिने केली ती हरिचंद्राला निरोप धाडण्याची. त्याच्याकडे पावत्या होत्या, पण पुण्याला लिहायला तो धजत नव्हता. "मना परत नाव घेवाचा नाय त्यांचा," असं म्हणत तो आला. कुंदाने त्याचं पत्र स्वतः लिहिलं आणि त्याच्या हातात पेन दिलं. तो सही करत असताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

दोघं एकाच दिवशी ठाण्याला परीक्षेला बसले. पडदा तिथे काळा-पांढरा होता, कळपाटीवरची काही बटणं वेगळ्या जागी होती. पहिली काही मिनिटं कुंदाची बोटं बधिर झाली होती. पर्यवेक्षक बाई मागून चालत गेली तेव्हा तिला वाटलं, आता ही खांद्यावर हात ठेवून म्हणेल, तुमचं नाव यादीत नाही, उठा. तसं झालं नाही. मालाच्या आवक-जावकीचा तक्ता करायचा होता. स्टोअर्समध्ये हेच करायचं असणार, असं तिच्या मनात आलं आणि बोटं हळूहळू चालू लागली.

सर्टिफिकेट जूनअखेरीस आलं, रजिस्टर्ड. साधा कागद, सोनेरी किनार नव्हती. श्रेणी 'ब'. सही निळ्या शाईत.

भीमरावांनी ते हातात घेतलं नाही, नुसतं लांबून पाहिलं. "हे खरं आहे कशावरून?" ते म्हणाले.

तोच प्रश्न तिच्याही मनात होता. संध्याकाळी तिने पुण्याला एक छोटं पत्र लिहिलं. अनुक्रमांक घातला आणि विचारलं, हे प्रमाणपत्र आपणच दिलेले आहे काय? ते पोस्टात टाकून ती उत्तराची वाट बघत बसली. गयाबाई म्हणाल्या, अगं, घेऊन जा ना, जागा जाईल. ती गेली नाही. तिथल्या कारकुनाचं दोन ओळींचं उत्तर आलं, होय, नोंदवही क्रमांक अमुक, तेव्हाच ती अंबरनाथला गेली.

टिपणीससाहेबांनी सर्टिफिकेट घेतलं, शिक्का मारला. "नियमाप्रमाणे मीही पुण्याला लिहीन," ते म्हणाले.

"त्यांचं उत्तर आहे माझ्याकडे साहेब."

साहेबांनी ते वाचलं आणि प्रथमच थोडे हसले. तरी त्यांनी लिहिलंच.

स्टोअर्सची जागा तेवढ्यात दुसऱ्याला गेली होती. पण कंपनीने कुंदाला तात्पुरती घेतली, माल उतरवून घेण्याच्या खिडकीवर, आणि पुढच्या वर्षी ती कायम झाली. हरिचंद्र प्रात्यक्षिकात नापास झाला, पुन्हा बसला, मग पास झाला. नेरकरांचं केंद्र बंद पडलं. ठाण्याच्या मंचात उमाताईंनी कुंदाची तक्रार लावून दिली, पण नेरकरांना पाठवलेल्या नोटिसा 'पत्त्यावर नाही' अशा परत येत राहिल्या. खोटं सर्टिफिकेट तिने त्या तक्रारीला जोडून मंचाच्या हवाली केलं, त्याची पोच घेतली, आणि त्या दुपारी ठाण्याहून परतताना तिला इतकी झोप आली की बदलापूर कधी आलं ते कळलं नाही.

भीमरावांनी घरी आल्यावर एकच विचारलं. "आता चाळीतल्या खोल्या परत मिळतील का गं?"

"कायम झालेल्यांची यादी मोठी आहे, आबा. चार-पाच वर्षं लागतील."

मग उठून त्यांनी दाराची कडी काढली आणि दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलं. त्या मार्चपासून, आधी चाळीत आणि मग इथेही, त्यांचं दार दिवसाही बंदच असायचं. कुंदाने ते पाहिलं आणि उठून लावलं नाही.